भिंत तीच, छत बदललं: मे महिन्यातल्या एका खोलीचा उष्णतेचा ताळेबंद

अकोला-वाशीम भागात अशी घरं आता गावोगाव दिसतात. भिंती आजोबांच्या वेळच्या, पांढरीच्या मातीच्या, हातभर जाड. वरचं धाबं मात्र गेलेलं. सागवानी मयालींना वाळवी लागली, पावसाळ्यात गळती थांबेना, दरवर्षी माती चढवायला माणूस मिळेना, म्हणून चार कोपऱ्यांत कॉलम उभे करून साडेचार इंची स्लॅब टाकला. भिंती पाडल्या नाहीत, कारण "मातीचं घर थंड राहते" हे सगळ्यांना ठाऊक. मग पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार सुरू होते: घर दुपारी चारपर्यंत बरं असतं, संध्याकाळी भट्टी होतं आणि रात्री अकरालाही आत झोपवत नाही. दोष भिंतीवर जातो. कोणीतरी आतून थर्माकोल आणि पीव्हीसीचे पट्टे लावायला सुचवतं, म्हणजे जे चांगलं चाललं होतं तेच बंद पाडायचं.

अशाच एका खोलीचा चोवीस तासांचा हिशेब इथे मांडला आहे. ही खोली कुण्या एका कुटुंबाची नाही, त्या भागातल्या नेहमीच्या मापांची आहे आणि आकडे हिशेबाने काढलेले आहेत. प्रत्यक्षात ते थोडे इकडेतिकडे होतील. कोणता आकडा मोठा आणि कोणता क्षुल्लक, हा क्रम मात्र बदलत नाही.

खोली बारा बाय सोळा फूट, म्हणजे पावणेअठरा चौरस मीटर, उंची दहा फूट. भिंती १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटर. पश्चिम आणि दक्षिण भिंत उघडी, उत्तरेला शेजारच्याची भिंत लागून, पूर्वेला ओसरी. दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यातला: दुपारी कमाल ४३ अंश, पहाटे किमान २८ ते २९. चोवीस तासांची सरासरी ३६ च्या आसपास. या सरासरीचं काम पुढे पडणार आहे.

भिंतीतून ऊन कसं चालतं

उष्णता भिंतीत लाटेसारखी शिरते. दिवसा बाहेरचा पापुद्रा तापतो, ती ऊब हळूहळू आत सरकते, आणि ती मधे पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. तोच पापुद्रा आता थंड होऊ लागतो आणि आत गेलेली बरीचशी ऊब मागे ओढून घेतो. म्हणून लाट आत जाता जाता दोन गोष्टी होतात: ती उशिरा पोचते आणि ती बारीक होते. दाबलेल्या मातीत दर अकरा सेंटिमीटरला दिवसरात्रीचा चढउतार साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ४५ सेंटिमीटर म्हणजे असे चार टप्पे, त्यामुळे पलीकडे पोचतो तो शेकडा दोनच्या आसपास. पश्चिम भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग दिवसभरात आपल्या सरासरीपेक्षा अठरा-वीस अंश वर जात असेल, तर आतल्या बाजूला त्याची खूण अर्ध्या अंशाहून कमी. उशीर तरी किती? बारा ते पंधरा तास. संध्याकाळी पाचचं ऊन आतल्या बाजूला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं, तेही ओळखू न येण्याइतकं.

नऊ इंची विटेच्या भिंतीचं गणित वेगळं आहे, आणि घरकुलांत नेमकी तीच असते. तिच्यातून लाट सात तासांत पोचते आणि आठव्या हिश्श्याइतकी शिल्लक असते. पश्चिमेचं पाचचं ऊन तिथे बरोबर मध्यरात्री आतल्या बाजूला येतं. पलंग पश्चिम भिंतीला लावलेला असेल तर रात्री बाराला पाठीला जी धग लागते, ती हीच.

म्हणजे जाड भिंत उष्णता अडवते असं समजणं अर्धवट आहे. ती चढउतार पुसते, सरासरी पुसत नाही. बाहेरची सरासरी ३६, त्यात पश्चिमेच्या उन्हाने भिंतीपुरते आणखी दोन-तीन अंश वाढले, तर भिंत खोलीला शांतपणे ३८-३९ कडेच खेचत राहते. फक्त ती फार सावकाश खेचते. आपल्या खोलीत उघड्या दोन भिंतींतून मिळून सव्वाशे वॅटही आत येत नाहीत. खोलीत एक माणूस बसला तर तोही जवळपास तेवढीच ऊब देतो. दिवसभराची बेरीज केली तर पावणेतीन युनिट. वीजबिलातलं युनिट इथे उष्णतेसाठी वापरलं आहे, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

आता वर बघा

विदर्भात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. दक्षिण भिंतीवर त्या दिवसांत ऊन नावालाच पडतं. सगळा मार छतावर बसतो. जुन्या, काळवंडलेल्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग दुपारी साठच्या पुढे जातो. काँक्रीट मातीपेक्षा उष्णता दुपटीहून जास्त वेगाने पुढे देतं आणि जाडी जेमतेम अकरा सेंटिमीटर, त्यामुळे लाट तीन-चार तासांत खाली उतरते. चार ते सहाच्या दरम्यान स्लॅबचा खालचा भाग ४५-४६ अंशांवर असतो आणि खोली ३६ वर.

इथे अंदाजाचा एक सोपा नियम कामी येतो: छत आणि खोली यांच्यात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे सहा वॅट खाली येतात. दहा अंशांचा फरक, पावणेअठरा चौरस मीटर, म्हणजे हजारभर वॅट. डोक्यावर एक हजार वॅटची कॉइलची शेगडी उलटी टांगून ठेवल्यासारखं. रात्री नऊलाही छत चाळिशीत असतं, त्यामुळे ती विझते म्हणावी तर तीही नाही. चोवीस तासांत स्लॅबमधून येतात जवळपास बारा युनिट. भिंतीतून पावणेतीन, छतातून बारा. तक्रार कुणावर करायची ते या दोन आकड्यांतच आहे.

जुनं धाबं काय करत होतं? मयाली, त्यावर फळ्या किंवा कामट्या, त्यावर पालापाचोळा किंवा कुटार आणि वर वीत-सव्वावीत पांढरी माती. म्हणजे ते छत भिंतीच्याच जातीचं होतं, जाड आणि सावकाश. धाबं काढून स्लॅब टाकला तेव्हा घराला पाचवी भिंत होती ती काढून तिथे तवा ठेवला गेला.

भिंत दुसरं एक काम करते, ते दिसत नाही

बाहेरचं ऊन थोपवणं हे भिंतीचं एक काम. दुसरं काम आतल्या बाजूने चालतं आणि मातीचं घर खरं थंड वाटतं ते त्याच्यामुळे. खोलीतली हवा एका अंशाने तापवायला युनिटाचा साठावा भाग पुरतो. चारही भिंतींचा आतला दहा सेंटिमीटरचा थर एका अंशाने तापवायला जवळपास दोन युनिट लागतात, म्हणजे हवेच्या शंभरपटीहून जास्त. पहाटे या भिंती ३१ वर आणल्या असतील तर दिवसभर आत शिरणारी, माणसांची आणि चुलीची ऊब त्या निमूटपणे गिळत राहतात.

हा आतला दहा-बारा सेंटिमीटरचा थरच रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. त्याच्या मागची माती दिवसरात्रीच्या या व्यवहारात भाग घेत नाही, ती फक्त बाहेरची लाट बारीक करते. म्हणून आतून थर्माकोल लावणं हा सगळ्यात महागडा चुकीचा उपाय. सव्वाशे वॅटमधले ऐंशी-नव्वद वाचतील, पण अंशाला दोन युनिट गिळणारी कोठी पॅनेलच्या मागे बंद होईल. मग छतातून येणारे हजार वॅट थेट हवेत जातात आणि खोली दुपारी बारालाच तापते. वर मागे उंदीर आणि वाळवीला जागा होते, ते वेगळंच.

कोठी रिकामी कधी होते? रात्री, आणि फक्त हवेने. मेमध्ये बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड व्हायला रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. त्याआधी खिडकी उघडली तर नुकसानच. सकाळी साडेसात-आठनंतर पुन्हा तेच. मधल्या दहा तासांत एका खिडकीतून हवा आत आणि समोरच्या वरच्या झरोक्यात बसवलेल्या बारा इंची एक्झॉस्ट पंख्याने बाहेर, असं केलं तर तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा फिरते. आत-बाहेर सरासरी चार अंशांचा फरक धरला तर कागदावर दहा-बारा युनिट बाहेर जातात. प्रत्यक्षात थोडी हवा भिंतीला न शिवताच निघून जाते, म्हणून सहा-सात धरावेत.

आता ताळेबंद मांडा. रोज आत येणारे: छत बारा, भिंती पावणेतीन, माणसं आणि दाराच्या फटी मिळून एक-दोन. बाहेर जाणारे: चांगल्या रात्री सहा-सात. उरलेली ऊब भिंतीत साठत जाते आणि तीन-चार दिवसांत घर अशा पातळीला जाऊन बसतं जिथून ते पहाटेही ३५ च्या खाली येत नाही. मग माणसं म्हणतात, भिंती ओकतात. ओकतातच, पण त्यांना खाऊ घालतो स्लॅब.

दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं

हजार-दीड हजारात मिळणारी पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी गन पुरते. पहाटे सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, अशा चार वेळी छताची खालची बाजू, पश्चिम भिंत, आतली एक भिंत आणि फरशी मोजायची. पत्र्यावर ही गन खोटं सांगते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःचं तापमान नीट दाखवत नाही. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.

संध्याकाळी सहाला छत भिंतीपेक्षा आठ-दहा अंश जास्त असेल तर दोष छताचा. छत आणि भिंती सारख्याच, पण पहाटे सहालाही सगळं ३५ वर असेल तर रात्रीची हवा खेळत नाही. फक्त पश्चिम भिंत मध्यरात्री गरम लागत असेल तर ती भिंत पातळ आहे, तिला बाहेरून सावली हवी: वेल, मांडव, नाहीतर ओसरीचं छप्पर. आतून काही चिकटवायचं नाही. गन नसेल तर हात पुरतो: स्टुलावर चढून तळहात छतापासून टीचभर अंतरावर धरला आणि झळ लागली, तर पुढचं मोजायची गरज नाही.

छताचं काय करायचं

पहिला उपाय चुन्याचा, आणि खर्चाच्या मानाने त्याला तोड नाही. काळवंडलेला स्लॅब ऊन सत्तर टक्के पितो, ताजा चुना दिलेला तीस टक्के. हिशेबाने बारा युनिटांचे तीन-चारवर येतात. धूळ बसली की पाच-सहा होतात, तरी निम्मे. फेब्रुवारीच्या शेवटी स्लॅब खरडून धुवायचा, कळीचा चुना रात्रभर विझवून फडक्याने गाळायचा, थोडा डिंक घालून दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिला वाळल्यावर आडवा. चुना विझवताना उसळतो, डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पावसाळ्यात तो वाहून जातो, त्यामुळे काम दरवर्षीचं. लोक हा उपाय सोडतात तो गुण येत नाही म्हणून नाही, स्लॅबवर तूर-मिरच्या वाळत घातल्या की तो मळतो म्हणून.

दुसरा उपाय सावली. स्लॅबच्या वर दोन फुटांवर बांबू आडवे टाकून तुराट्यांचा मांडव. मधून वारा खेळायला हवा, तुराट्या स्लॅबवरच अंथरल्या तर फायदा कमी. पऱ्हाटी वापरू नये: तिच्यावरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. उन्हाळ्यात मांडव म्हणजे वाळलेलं जळतण, म्हणून चुलीच्या धुराड्यापासून लांब. वादळी पावसाआधी उतरवणं आलंच.

कायमचा उपाय म्हणजे स्लॅबच्या वरून उष्णतारोधक थर. वर हा शब्द महत्त्वाचा. स्लॅब झाडून उताराचं काम, वॉटरप्रूफिंग, त्यावर पाण्याला दाद न देणारे एक्सपीएसचे दाट बोर्ड (साधा थर्माकोल पाणी पितो आणि मग निकामी होतो), अडीच सेंटिमीटरचे दोन थर सांधे चुकवून, वर प्लॅस्टिकचा कागद, मग जाळी घालून पाच सेंटिमीटर काँक्रीट आणि फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक. वरच्या काँक्रीटला दोन-अडीच मीटरवर सांधे ठेवले नाहीत तर ते उन्हाने तडकणार. चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो वजन वाढतं, तेवढं स्लॅब पेलेल का हे सळया बांधणाऱ्याला नाही, इंजिनिअरला विचारावं. येणारी उष्णता दीड युनिटाच्या आत येते. शिवाय स्लॅब आता बोर्डाच्या आतल्या बाजूला, सावलीत आला, म्हणून तोही भिंतींसारखा गिळायला लागतो: अंशाला जवळपास एक युनिट. तोच बोर्ड खालून लावला तर उष्णता तितकीच अडते, पण स्लॅब तव्यासारखाच तापत राहतो, त्याचे तडे वाढतात आणि हे एक युनिट हातचं जातं.

यात एक फसवा उपाय आहे, आणि गावात गवंडी बहुधा तोच सुचवतात: विटेच्या तुकड्यांचा कोबा. गळतीवर तो चांगला आहे. उष्णतेवर मात्र तो थर रोधक नसून जडच आहे. चार इंची कोबा चढला की लाट खाली यायला सात तास लागतात. पूर्वी पाच वाजता येणारी झळ आता आठ-नऊला, बरोबर जेवून अंथरूण टाकायच्या वेळी. दुपारी घर थंड झालं म्हणून लोक खूश होतात आणि रात्री पुन्हा तक्रार करतात. जडपणा घालायचाच तर धाब्याइतका घालावा लागतो, आणि तेवढं वजन साडेचार इंची स्लॅबला झेपणारं नाही. कोबा करायचा असेल तर त्यावर पांढरा रंग हवाच.

चुना आणि रात्रीचा पंखा एवढ्यावरच आपल्या खोलीचा ताळेबंद बराचसा जुळतो: आत आठ-नऊ, बाहेर सहा-सात. बोर्ड घातले तर आत पाच-सहा, म्हणजे घर दररोज थोडं शिलकीत. संध्याकाळी सहाची ३६-३७ अंशांची खोली ३३-३४ वर येते. पंख्याखाली ते सुसह्य असतं, थंड म्हणता येणार नाही.

जिथे जड भिंत हरते

उष्णतेच्या लाटेत किमान तापमान ३१-३२ वर अडकतं. त्या रात्री कोठी रिकामी होत नाही आणि दोन-तीन दिवसांत मातीचं घरही हात टेकतं. लोक अंगणात खाट टाकतात ते उगाच नाही: दिवस जड घरात, रात्र उघड्यावर, अशी ती जुनी विभागणी आहे, आणि बंद खोलीत चोवीस तास काढायचे म्हटले की ती मोडते. टिनाचं छप्पर याच्या अगदी उलट वागतं. दुपारी त्याखाली बसवत नाही, पण रात्री नऊला ते बाहेरच्या हवेइतकं झालेलं असतं. मातीच्या खोलीला लागून टिनाची सपरी असेल तर झोपायला तीच बरी.

कूलर आला की वेळापत्रक बदलतं. दुपारी हवा कोरडी असते तोवर कूलर ४३ ची हवा २९-३० ला आणतो आणि जड भिंतींनाही तो दिवसाच थंड करतो. पण समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर ओल आत कोंडते आणि मातीच्या गिलाव्याला बुरा चढतो. रात्री दहानंतर पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवला की तोच कूलर खिडकीतला पंखा होतो. पावसाळा नीट बसला की दिवसरात्रीचा फरक सात-आठ अंशांवर येतो, तेव्हा भिंत जाड की पातळ याला फारसा अर्थ उरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र दिवस तेहतीस-चौतीस आणि रात्र विशीत, आणि तेव्हा हीच खोली काहीही न करता गावातली सगळ्यात चांगली खोली असते.

एक गोष्ट उरली. भिंत टिकावी म्हणून तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतात. मातीत पायाकडून चढणारी ओल मग बाहेर पडू शकत नाही, सिमेंटच्या मागे साठते आणि भिंत खालच्या दोन फुटांत भुसभुशीत होते. ठोकून पोकळ आवाज आला तर तो गिलावा काढून माती, कुटार आणि शेणाचा गिलावा परत द्यावा. काळी माती त्यात घालू नये, ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. पांढरीच हवी.